वैराग्य नव्हे, विभूतीबेन

"साध्वीच व्हायचं होतं, तर माझ्याशी लग्न कशाला केलंस?"

"हळू बोला. बा देरासरातून दर्शन घेऊन येतीलच."

"येऊ दे! दोन वर्षं झाली, हात लावला की कूस बदलतेस."

"दमते हो मी."

"दमतेस? दिवसभर सूत तोलतो मी, आणि दमतेस तू!"

गुजरातेतल्या पाटणच्या आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, धनेश आणि विभूतीचं हे भांडण सगळ्यांना पाठ होतं. पण तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. उलट, देरासराच्या पायऱ्या चढताना ती दम लागून दोनदा बसायची, तेव्हा बायका हात जोडायच्या. वर्षीतप केलेली सून! तेरा महिने एक दिवस उपास, एक दिवस दोन वेळा जेवण. उसाच्या रसाने पारणं झालं, तेव्हा बा, तिच्या सासूबाई, कौतुकानं म्हणाल्या होत्या, "पोरीचं मन संसारातून उठलंय." आता येत्या फाल्गुन वद्य अष्टमीपासून दुसरं वर्षीतप सुरू करायचं त्यांनीच ठरवलं होतं.

मन कुठेच गेलं नव्हतं. जीभ सोलल्यासारखी झाली होती, तळपायांना मुंग्या येत होत्या, आणि नवऱ्याच्या शेजारी पडून ती एकटीच छताकडे बघायची. त्याला जवळ घ्यावंसं वाटत नाही, याचं तिला स्वतःलाच भय वाटे. लोहाच्या गोळ्या सहा महिने झाल्या. काही फरक नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढल्या, रक्त काढलं, चार दिवसांनी कागद समोर ठेवला.

"दूध घेता?"

"लहानपणापासून आवडत नाही."

"हे वैराग्य नव्हे, विभूतीबेन. हिमोग्लोबिन पावणेआठ, बी-ट्वेल्व्ह तळाला. हा साठा वर्षानुवर्षं आटत आलाय. उपासानं उरलंसुरलं संपलं. अंगात रक्तच नाही, तर इच्छा कुठून येणार? इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"इंजेक्शन... त्यात प्राण्याचं काही?"

"जिवाणूंपासून बनवतात. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, नंतर महिन्याला. ताकद काही आठवड्यांत येईल. मुंग्यांना महिने लागतील. बाकीचं हळूहळू, वचन देत नाही. आणि आता उपास बंद."

तो कागद तिनं आज धनेशच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला.

"म्हणजे... तू माझा कंटाळा..."

"नाही हो. कधीच नाही."

त्याचा चेहरा क्षणभर निवळला. मग बाहेर बांचा खोकला ऐकू आला.

"तुम्ही सांगाल ना बांना? माझं वर्षीतप होणार नाही म्हणून? मी सांगितलं तर म्हणतील, पाप बोलते. तुम्ही बोललात तर ऐकतील. सांगाल?"

धनेशनं हात धुतले. बा आत आल्या, "काय रे, चाललास का?" म्हणाल्या. त्यानं चपला पायात सरकवल्या आणि दोघींकडेही न बघता पायऱ्या उतरून गेला.