वीस मिनिटांची बस

आमच्या बससेवेच्या कचेरीत वाहतूक अधिकारी म्हणून जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे मागून सरासरीसाहेब म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. आकडेमोडीच्या टेबलावर मी होते, म्हणून माझ्याच डोक्यावर ते सगळ्यात जास्त मिरे वाटत. त्यांना शून्यापासून सगळं येत होतं, फक्त ऐकून घेणं तेवढं येत नव्हतं.

त्यांची सगळ्यात लाडकी बस म्हणजे टेकडीच्या वस्तीकडे जाणारी. दर वीस मिनिटांनी एक बस, म्हणजे प्रवाशाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं, असं त्यांनी प्रत्येक थांब्यावर पाटीवर रंगवून घेतलं होतं. त्यांची बायको त्याच बसने दवाखान्यातल्या नोकरीवरून घरी येई. रोज उशीर होई, आणि रोज साहेब तिला सांगत की तुला वाटतं तेवढा वेळ जात नाही, दहाच मिनिटं जातात. हे आम्हाला तेच कौतुकाने सांगत. बायकांना घड्याळाचं भान नसतं, हा त्यावरचा त्यांचा शेरा. त्या माउलीने त्यांच्या डोक्यात लाटणं कसं घातलं नाही, याचं मला कोडं आहे.

मग त्या वस्तीतून तक्रारी यायला लागल्या, आणि वरून पाहणी करण्याचा हुकूम आला. त्यासाठी कंत्राटावर एक मुलगी घेतली. तिला सगळे मोजणीवाली म्हणत. ती थांब्यावर बसे, प्रवासी आला की वेळ लिही, बसमध्ये चढला की वेळ लिही. महिन्याने तिने कागद आणून दिले. मी बेरीज केली तर सरासरी थांबणं निघालं सोळा मिनिटांच्या वर.

साहेबांनी कागद टेबलावर आपटले. ही पोरगी घरी बसून आकडे लिहिते, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. तिचं कंत्राट संपायला आलं होतं. खोटे आकडे असा शेरा मारून तिला काढायचं, म्हणजे पुढे कोणतीच कचेरी तिला दारात उभी करणार नाही, असा त्यांचा बेत होता. त्या मुलीने विस्कटलेले कागद गोळा करून नीट लावले. तिचा चेहरा मात्र मला बघवेना.

साहेबांकडे पुरावा होता, आणि तो त्यांनी स्वतः गोळा केला होता. ते त्याच बसने थांब्यावर जात, उतरत, पुढची बस येईपर्यंत थांबत, तिने पुढच्या थांब्यावर जात, पुन्हा उतरत. असं आठवडाभर केलं. दोन बसमधलं अंतर सरासरी वीस मिनिटं निघालं. वीसचे निम्मे दहा. झालं. नाकाने कांदे सोलायला मोकळे.

गंमत अशी की त्यांचा आकडा खरा होता, आणि तिचाही.

त्या मार्गावर बस जोडीने येत. पहिली जराशी रेंगाळली की तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसं जमत, त्यांना भरून घेण्यात ती आणखी रेंगाळे. मागची रिकामी धावत येऊन तिला गाठे. मग मधलं एक अंतर चार मिनिटांचं, तर त्यापुढचं छत्तिसाचं. सरासरी वीसच. पण माणूस घरून निघतो तेव्हा तो अंतरं मोजून निघत नाही, मनाला येईल तेव्हा येतो. आणि चाळीस मिनिटांतली छत्तीस मोठ्या अंतराने बळकावलेली.

मी कागदाची एक लांब पट्टी घेतली, तिच्या चाळीस भागांतले चार एकीकडे रेघ मारून वेगळे केले आणि साहेबांना म्हटलं, डोळे मिटून टाचणी टोचा. त्यांनी टोचली. पुन्हा टोचली. दहापैकी नऊदा टाचणी मोठ्या भागात गेली.

"पण तुकडे दोनच आहेत ना?" साहेब म्हणाले. "मग निम्म्या वेळा लहान तुकडा यायला हवा. तुमची टाचणी वाकडी आहे."

"साहेब, तुकडे दोन आहेत, पण एक लांब आहे. तुम्ही बसमधून उतरता, म्हणून प्रत्येक अंतर एकदाच मोजता, लहान असो की मोठं. प्रवासी लांब अंतरातच जास्त सापडतो. तिथे अर्धा वेळ म्हणजे अठरा मिनिटं. दहातला एक लहान अंतरात सापडतो, तो दोन मिनिटांत सुटतो. दोन्ही धरून सोळाच्या वर जातं."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, दोन आठवडे रोज कितीतरी चिठ्ठ्या काढू, चिठ्ठीवर जी वेळ निघेल तेव्हा शिपायाला थांब्यावर उभं करू. दहाच्या आसपास आलं तर मुलीला काढा, सोळाच्या आसपास आलं तर कंत्राट वाढवा. जिंकण्याची एवढी खात्री, की साहेबांनी सगळ्या कचेरीसमोर हो म्हटलं. आकडा सोळाच्या वर आला. साहेबांनी सही केली, पण करताना पेन असं धरलं होतं जसं काही ते माझंच बोट आहे. आणि जाता जाता पाहणीच्या कागदात एक रकाना वाढवला: प्रवाशाला विचारा, तुमच्या अंदाजाने किती वेळ थांबलात. प्रवासी कसे वाढवून सांगतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

मुलगी वाचली. बस मात्र वाचली नाही. मी फाइलवर उपाय लिहिला होता: पहिल्या थांब्यावर मागची बस थोडी रोखून धरा, अंतरं सारखी होतील, एकही बस वाढवावी लागणार नाही. साहेबांनी खाली लिहिलं, "या उपायाने दोन बसमधील सरासरी अंतरात फरक पडत नाही. सबब आवश्यकता नाही." आणि हेही खरंच होतं. सरासरी वीसच राहिली असती, माणसांचं थांबणं तेवढं कमी झालं असतं. माझ्या नोकरीत इतकं बरोबर आणि इतकं मूर्ख वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

पुढे साहेब निवृत्त झाले. कचेरीची गाडी गेली. मी एकदा टेकडीच्या थांब्यावर मोजणीवालीचे कागद तपासायला गेले, तर पाटीखाली साहेब आणि त्यांची बायको उभी. साहेबांनी मला ओळख दाखवली नाही. मीही बोलायला गेले नाही, मुलीच्या शेजारी बाकावर बसले. ऊन उतरलं, साहेब एकदा रस्त्याकडे बघत, एकदा घड्याळाकडे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे ताठ उभे.

अखेर वळणावर बस दिसली, आणि तिला चिकटून दुसरी. मुलीने कागद काढला. साहेब थांब्यावर आले ती वेळ तिने आधीच लिहिली होती. आता उरला होता त्यांचाच रकाना.

"तुमच्या अंदाजाने किती वेळ थांबलात, काका?"

"दहा मिनिटं," साहेब म्हणाले.

तिने ते लिहिलं, जसं सांगितलं तसं. मग तिने बाईंकडे बघितलं. "आणि तुम्ही, काकू?"

"पस्तीस," काकू म्हणाल्या. "आम्ही बरोबरच आलो."

साहेब पहिल्या, भरलेल्या बसमध्ये चढले. काकू मागच्या रिकाम्या बसमध्ये जाऊन खिडकीशी बसल्या.