परत आलेलं सोनं

नगात तशी फटकळ. इजिप्तमधल्या तांता शहराच्या एका गल्लीत शिवणकाम करते आणि बायकांची मापं घेताघेता त्यांच्या संसारांचे निकालही लावते. "अगं, लग्नाआधीचं गाडून टाकावं, उकरू नये," असं सगळ्यांना सांगायची. दुसऱ्याला सांगायला काय जातं!

लग्नाला वर्ष होत आलं आणि तिच्या साखरपुड्याच्या ब्रेसलेटची कडी सैल झाली. ते घेऊन ती बुत्रोसकाका सोनाराकडे गेली. काकांनी ते उलटंसुलटं पाहिलं.

"हे तर मीच केलेलं. पहिल्या मुलीचा हात बारीक, म्हणून दोन कड्या काढल्या होत्या. मग वगदीने तुझ्यासाठी त्या परत बसवून घेतल्या."

पुढे काकांनी जीभ चावली, पण बाण सुटला होता. पहिली मुलगी? वगदी तर म्हणाला होता, "तुझ्यासाठी नवंकोरं घडवलंय." अजून तीच त्याच्या मनात असेल तर? मग आपण काय, तिची रिकामी जागा भरायला आणलेल्या?

घरी वगदी नळांच्या कामावरून येऊन भाकरी आणि फूल, म्हणजे कडधान्याची उसळ, खात बसला होता. तिने ब्रेसलेट ताटाशेजारी आदळलं. "कोण होती?"

वगदी पांढराफटक पडला. "रबाब. साखरपुडा झाला होता... मीच मोडला."

"खोटारड्या!" नगात कडाडली. "मुलाने मोडलं तर सोनं मुलीकडे राहतं, आणि मुलीकडच्यांनी मोडलं तरच परत येतं. शेंबड्या पोरालाही कळतं हे. मला शिकवतोस?"

वगदीची मान खाली गेली. "लग्नाआधी मुलाने घर करायचं, आणि माझं घर होत नव्हतं. तिच्या बापाला तयार घराचा जावई मिळाला. नाकारलेला नवरा म्हणून तूही नाक मुरडशील, अशी भीती वाटली."

एवढंच! नगातचा जीव भांड्यात पडला. तरी तिने सोडलं नाही.

"तिच्याशी बोलणं आहे?"

"नाही गं. अलेक्झांड्रियात संसार करतेय."

"तिच्या घरचं काही देणं?"

"छदामही नाही."

"मग ऐक. रबाब लग्नाआधीची, ते तुझं तू बघ. पण सोनं माझ्या हातात आहे, ते कुठून आलं हे मला सांगायलाच हवं होतं. आणि आत्ता मारलीस ती थाप तर लग्नानंतरची. ती मी विसरणार नाही, आधीच सांगते."

"बदलून आणू का दुसरं?"

"आणि घडणावळ कोण तुझा सासरा देणार? राहू दे."

वगदी भाकरीचा तुकडा चुरत राहिला. मग पुटपुटला, "अजून एक आहे."

नगात त्याच्यासमोर येऊन बसली. "बोल."

"सोनं परत आलं ना, तेव्हा मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो होतो. हे कुणालाच ठाऊक नाही."

नगातला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. "जेव आता मुकाट्यानं," म्हणत तिने त्याच्याच ताटात हात घातला.