लाल रंगाशिवायचा गट

७ एप्रिल १९८९, शुक्रवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. सरावलीतील शाळेच्या वर्गात अठरा पालक बसले होते आणि त्यांत अकरा पुरुष होते. आधीची सभा मी रविवारी घेतली होती. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, हे पालघरहून येणाऱ्या मला ठाऊक नव्हते. तेव्हा फक्त आया आल्या आणि प्रत्येकीने "घरी विचारून सांगते" म्हणून पत्रक पदराआड घेतले.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते. मुलांसाठी स्वतःची संस्था काढायची हे माझे पक्के ठरले होते आणि हे चित्रकला शिबिर ही तिची पहिली पायरी होती. चित्रे शिकवायला माझी मैत्रीण होती. ती बोलायला लाजत असे, म्हणून पालकांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

मी पत्रक क्रमाने वाचून दाखवले. मे महिन्यात बारा दिवस, सकाळी आठ ते साडेदहा, म्हणजे छताचे पत्रे तापण्याआधी सुट्टी. गट तीन : पाच ते सात, आठ ते दहा, अकरा ते चौदा. लहान गटाला तीस रुपये, बाकीच्यांना पंचेचाळीस, कागद-रंग त्यातच. पाणी उकळलेले. फाटक बंद राहील. रस्त्यावर टँकरची वर्दळ असल्यामुळे, ज्याचे नाव पालक लिहून देतील त्याच्याच हाती मूल सोपवले जाईल. शेवटचे वाक्य होते : रंग पूर्णपणे सुरक्षित.

"ते कुणी सांगितलं?" मागच्या बाकावरून एकाने विचारले. तो रंगद्रव्याच्या कारखान्यात ऑपरेटर होता. त्याच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या, मनगटापर्यंत कातडीवर तोच पिवळेपणा मुरला होता. "बाई, रंग म्हंजे काय ते आमी रोज बघतो. माझी उशी पिवळी हाय. घाम पिवळा येतो. पोरीचे हात तरी सादे राहू देत."

त्याची बायको शेजारीच होती. "पोरगी कोळशानं भिंती भरते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिला यायचं हाय."

"भिंत धुता येते."

आणखी तीन-चार पुरुषांनी माना हलवल्या. तेही रंगाच्याच कारखान्यांतले होते. कारखान्यातले रसायन आणि मुलांचा पोस्टर कलर यांतला फरक मी फळ्यावर सूत्रे लिहून समजावू शकले असते. पण या माणसांना शब्दांचा तुटवडा नव्हता. त्यांना कातडीवरचा पुरावा हवा होता.

मी पिशवीतून बाटल्या काढल्या आणि निळा, हिरवा, पिवळा, लाल असे चार पट्टे स्वतःच्या हातावर ओढले. बादली आणि साबण मागवला. पट्टे वाळू दिले. एकजण म्हणाला, "होळी उशिरा आली," तेवढेच काय ते हसू.

निळा पाण्यानेच गेला. हिरवा आणि पिवळा साबणाने गेले. लाल राहिला. पुन्हा चोळले तरी गुलाबी डाग हातावर दिसतच होता. तो ऑपरेटर उठून जवळ आला आणि वाकून बघू लागला.

"लाल पूर्ण निघाला नाही," मी म्हटले. "हा कातडीला अपाय करतो असे मला वाटत नाही. पण लहान मुले बोटे तोंडात घालतात. पाच ते सातच्या गटाला लाल देणार नाही." आणि पत्रकातले शेवटचे वाक्य मी सर्वांदेखत खोडले.

"लाल नाय तर पोरं सूर्य कसा काढणार?" पुढच्या एका बाईने विचारले.

"पिवळा काढतील," मैत्रीण सकाळपासून प्रथमच बोलली. "दुपारचा."

ऑपरेटर जागेवर गेला नाही. "त्या गटात घ्या मग," तो म्हणाला. "लाल नाय त्या."

"अहो, तिला आठवं लागलंय," बायकोने लगेच सांगितले. "शेजारची पोरगी आठ ते दहाच्या गटात हाय. दोघी जोडीनं येतील. आठ लिवा, ताई."

"सात," तो म्हणाला. "मोठ्या गटात घालायची तर नाव नको."

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. बाईचा चेहरा पाहून आठ लिहावेसे मला वाटले. मी जन्ममहिना विचारला.

"श्रावण."

"गट पूर्ण झालेल्या वर्षांवर आहेत. आठवे चालू आहे, पण ते श्रावणात पूर्ण होईल. शिबिर मे महिन्यात आहे," मी तिला म्हटले. "शेजारच्या मुलीबरोबर तिला येऊ-जाऊ दे. बसेल मात्र लहान गटात."

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने पिवळी बोटे टेबलाच्या कडेवर टेकवली आणि मुलीचे नाव सावकाश, नीट उच्चारून सांगितले. मी ते लिहिले, आणि पुढच्या रकान्यात वय : ७.