बारा जणांची एकच चिठ्ठी

नोकरी गेल्याचं पत्र स्वतःच्याच अक्षरात मिळावं, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. माझ्या वाट्याला आला.

संस्थान भारतात सामील होऊन काही वर्षं झाली होती. अफझलगंजला, मुसी नदीच्या काठाजवळ, आमचं जकातीचं दफ्तर होतं. संस्थानाच्या हद्दीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाचे कागद तिथं तपासायचे. आता हद्दच उरली नव्हती, तेव्हा जकात तरी कुठली उरणार. दफ्तर बंद करायचं ठरलं. कायम नोकरांना हळूहळू दुसऱ्या खात्यांत घेणार होते. आम्ही बारा जण हंगामी कारकून. आम्हाला त्या महिनाअखेर मोकळं करणार होते. माझं उर्दू अक्षर बरं होतं, म्हणून बारा पत्रांच्या नकला काढायचं काम माझ्याकडंच आलं.

सहा पत्रं मी मान खाली घालून लिहिली. सातव्यावर माझं नाव. ते लिहिताना काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग शाई सांडली. माझ्या शेजारी बसणारा तेलुगू कारकून, तोही बारांतलाच, वाकून बघू लागला. त्यानं नाव वाचलं आणि तोही हसायला लागला. "तुमचं नाव छान आलंय," तो म्हणाला, "माझंही असंच घोटून काढा." मी काढलं. उरलेल्या चार पत्रांची नावं तर आम्ही दोघांनी मिळून सजवली.

आमच्या दफ्तरात एक रीत होती. कुणी नोकरी सोडून निघाला की सगळ्यांसाठी निरोपाचा एक कागद लिहायचा. चपराशी तो टेबलाटेबलावरून फिरवायचा आणि ज्यानं त्यानं वाचून खाली सही करायची. बारा कागद फिरवण्यापेक्षा एकच असावा असं ठरलं आणि तो लिहिणं अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

बरकतपुऱ्यात घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिल्या कागदात मी विचारलं होतं की, कायम आणि हंगामी यांच्या घामाला वेगवेगळा वास येतो का. हे वाक्य मला फार आवडलं होतं. माझी थोरली बहीण शाळेत शिकवायची. वह्या तपासता तपासता तिनं कागद ओढून घेतला.

"अरे, भांडायलास का निरोप घ्यायलास?" अक्का म्हणाली.

मी दुसरा कागद लिहिला. त्यात आम्ही अभागी होतो, पोरके होतो, आणि आमची आठवण ठेवा अशी विनंती तीनदा होती. अक्कानं तोही वाचला. "आता रडायलास," ती म्हणाली, आणि पुन्हा वह्यांकडं वळली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद मी सरिश्तेदारसाहेबांना दाखवले. ते आमचे मुख्य कारकून, पिकल्या दाढीचे, तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेले. त्यांना दुसऱ्या खात्यात घेतल्याचं नुकतंच कळलं होतं, आणि तेव्हापासून ते आमच्याकडं सरळ बघत नव्हते.

"ये तो दावा है," पहिला कागद बाजूला ठेवत ते म्हणाले. दुसरा वाचून म्हणाले, "और ये मर्सिया, मरे हुओं का मातम. मियाँ, अभी हम लोग जिंदे हैं." मग चष्मा पुसत, आवाज उतरवून म्हणाले, "जो लोग यहाँ रह गए, उनको तुम लोगों के सामने हँसते शरम आती है. मालूम है?"

मला मालूम नव्हतं. पण मग आठवलं: आठवडाभर आम्ही चहाला गेलो की तिथलं बोलणं थांबायचं. कुणी डबा उघडला की आम्हाला जास्तच आग्रह व्हायचा, आजारी माणसाला करतात तसा. मग मला दिसलं की अवघडले होते ते, आम्ही नव्हतो. निरोप आमचा खरा, पण सुटका त्यांची करायला हवी होती.

मी तिथंच बसून तिसरा कागद लिहिला. उर्दूत होता, मराठीत तो साधारण असा:

"मेहेरबान दोस्तांनो, दफ्तराचं काम संपत आलं म्हणून आम्ही बारा जण या महिनाअखेर निघतो आहोत. यात कुणाची चूक नाही, तेव्हा कुणी आमच्याकडं बघून डोळे खाली घालू नयेत. आम्हाला डोळ्यांत बघून बोलायची सवय आहे. मागे राहणाऱ्यांच्या सोयीसाठी काही गोष्टी: तिसरं कपाट किल्लीनं उघडत नाही, खालच्या कोपऱ्यात लाथ मारावी. मधल्या खिडकीला रेघा मारायचा रूळ लावावा, नाहीतर ती पहिल्या टेबलावरच्या माणसाच्या डोक्यात बसते. जुना कागद कुठं आहे ते नोंदवहीत शोधू नये, थोरल्या चपराश्यांना विचारावं. भिंतीकडच्या टेबलावरच्या आवकाय लोणच्याची बरणी वर्षभर रिकामी होत होती. ती फस्त करणारे उंदीर आम्हीच. इथं आम्ही कागद नीट वाचायला शिकलो, आणि दुसऱ्याचं काम अडलं तर आपलं बाजूला ठेवायला शिकलो. हे तुम्ही शिकवलंत. आम्ही याच शहरात आहोत. रस्त्यात भेटलात तर चहाला थांबवा, बिल कुणी द्यायचं ते तिथं भांडून ठरवू."

साहेबांनी वाचलं. लाथेपाशी आले तेव्हा त्यांची दाढी हलली. "हौ," ते म्हणाले, "फिराओ."

कागद निघाला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही बारा जण आपापल्या जागी काम करत असल्याचं नाटक करत होतो. पहिल्या टेबलावरच्यानं सही करून कागद परत दिला. दुसऱ्यावर कुणीतरी खोकला. मग तिसऱ्यावरचा माणूस उठला, कपाटापाशी गेला आणि त्यानं लाथ मारली. दार उघडलं. सगळं दालन हसायला लागलं, आणि आमच्या अंगावर आठवडाभर बसलेलं काहीतरी त्या हसण्यात उतरून गेलं. साहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून बसले होते. लोणच्याचे मालक बरणी घेऊन आमच्याकडं आले.

"मला वाटायचं घरातच कमी भरतात," ते म्हणाले. "बायकोशी दोनदा भांडलो मी."

"मग आता माफी मागा," माझा शेजारी म्हणाला.

"ती तुम्ही मागायची. रविवारी बारा जण जेवायला या."

संध्याकाळी कागद परत आला. सह्यांसाठी सोडलेल्या जागेत लोकांनी बरंच लिहिलं होतं. एकानं रूळ खिडकीला कायमचा बांधल्याचं कळवलं होतं. थोरल्या चपराश्यांनी, लिहिता येत नव्हतं म्हणून, अंगठा उठवला होता आणि दुसऱ्याकडून शेजारी लिहून घेतलं होतं: मला विचारा म्हणून लिहिलंत, आता सगळे विचारतात. सरिश्तेदारसाहेबांनी सगळ्यात खाली फक्त सही केली होती, पण नेहमीपेक्षा मोठी.

पुढं मला चार महिने नोकरी नव्हती. ते दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. वडील पेपर वाचताना जाहिरातींचं पान मुद्दाम वर ठेवायचे आणि मी ते मुद्दाम बघायचो नाही. शेवटी विद्यानगरला एका शाळेत लागलो. पण त्या रविवारी आम्ही बारा जण जेवायला गेलो होतो, दोन पंगतींत बसलो, आणि यजमानीणबाईंनी प्रत्येकाच्या पानात लोणचं वाढताना विचारलं, "तुम्ही कितवे उंदीर?" मी सातवा म्हणालो. घास तोंडात असल्यामुळं मला नीट हसताही आलं नाही, आणि माझ्या शेजाऱ्यानं पाठीवर इतक्या जोरात थोपटलं की पाणी मागवावं लागलं.