स्टेपनीचा फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या फोटोतल्या भेगा मला पहिल्याच नजरेत दिसल्या होत्या.

खामगावात माझं टायरचं दुकान आहे. वडनेर भोलजी गावचा माझा शाळेपासूनचा सोबती आपल्या जुन्या कारने भाडी मारायचा. डिकीत गॅसची टाकी असल्याने त्याची स्टेपनी वर कॅरियरला बांधलेली असे, वर्षानुवर्षं उन्हात. त्या सालात बोंडअळीने कपाशी पोखरली होती. बीटीच्या बियाण्याला अळी लागत नाही असं सगळे धरून चालले होते. आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघे. गावचे चार शेतकरी ती बोंडं पोत्यात भरून बुलडाण्याला, शेतकी साहेबांसमोर ओतायला निघाले. गाडी त्याचीच.

सकाळी मोबाइलवर दोन फोटो आले. पहिला पुढच्या उजव्या चाकाचा. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. हा संपलाच होता. दुसरा फोटो स्टेपनीचा. खाचेत त्याने रुपया उभा खोचला होता आणि तो तिसरा हिस्सा तरी आत गेला होता. आमच्याकडे टायर असाच पाहतात. पाठोपाठ फोन.

"सांग बे, स्टेपनी चढवू का? घाट हाये."

"नवा का नाही घेत?"

"आलं तुयं नवं! तुले मानसाचा फोटो धाडला तरी म्हनशीन, बदला. कपाशीनं सारे झोपले, भाडं कोन देऊन राह्यलं? रुपया पाह्य ना, कसा बुडला!"

मी हसलो. पण ते लागलं होतं. त्या महिन्यात ज्याला त्याला 'बदला' सांगून मी स्वतःलाच लुटारू वाटू लागलो होतो. फोटोत टायरच्या बाजूला, रिंगेच्या वरच्या अंगाला बारीक रेघा होत्या. धूळ असेल, असं मी ठरवलं. ठरवलंच, कारण फोटो मोठा करायला दोन बोटं पुरली असती.

"नक्षी भरपूर आहे. लाव, चालेल."

"हाव! आज खरा दोस्त बोलला."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मनात खुटखुटत होतं म्हणून फोटो पुन्हा उघडला, मोठा केला. रेघा धुळीच्या नव्हत्या. बाजू सुकल्या ढेकळासारखी तडकली होती आणि एका भेगेत आतला पांढरा दोरा दिसत होता. खाली आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे होते. टायर बारा वर्षांचा निघाला. न चालल्यामुळे नक्षी कोरी राहिली होती. रुपया खोली सांगतो, रबराचं वय सांगत नाही, हे मला माहीत होतं. माझा धंदाच तो.

फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. मग लिहिलं, "थांब. तो टायर काढ. बाजू फाटणार." एकच खूण उमटली, निरोप पोचल्याची दुसरी येईना. पाच माणसं, पोती आणि तापलेली सडक. मी दुकानाच्या पायरीवर फोन हातात धरून बसून राहिलो. बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नव्हते.

तासाभरात गावाकडून फोन आला. मोताळ्याच्या पुढे टायर बाजूने फाटला, गाडी उजवीकडे ओढली जाऊन बाभळीवर गेली. बाकीच्यांना खरचटलं. याचं कोपर खिडकीबाहेर होतं.

तेव्हा मी जे केलं ते सांगायचं आहे. दुसरी खूण अजून आली नव्हती. मी तो निरोप पुसून टाकला.

हात वाचला, पण मूठ वळत नाही. गाडी भंगारात गेली. आता तो घरापुढे कपाशीच्या सरकीच्या पोत्याला टेकून बसतो आणि मी गेलो की डाव्या हाताने चहा देतो.

"गड्ड्यात गेलं बे चाक," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "टायर तं चांगला होता. यानं पाह्यला होता."

एकदा त्याने विचारलं, "त्या दिवशी तू काय धाडलं होतं बे? मिटवलं म्हनून दिसते."

"चुकून गेलं होतं," मी म्हणालो.

"मले वाटलं, शिव्या दिल्या असशीन," तो हसला.

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. मोबाइल दोनदा बदलला, फोटो नवीन मोबाइलमध्ये घेतला. दाखवला मात्र कोणाला नाही.

भेगा मला दिसल्या होत्या आणि मी 'चालेल' म्हणालो, एवढं त्याच्या तोंडावर सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.