विबेकेनं न सांगितलेलं नाव

हॉर्सेन्सच्या पाव कारखान्यात विबेकेनं वर्षानुवर्षं काप करायच्या यंत्रावर काढली होती. जुना सुपरवायझर निवृत्त झाल्यापासून त्याची जागा हंगामी म्हणून तीच सांभाळत होती आणि आज कायमच्या नेमणुकीची मुलाखत होती. समोर बसले होते व्यवस्थापक रिग्मोर आणि कामगारांचा प्रतिनिधी टोर्किल्ड, म्हणजे यंत्रावरचा तिचा जुना जोडीदार.

“कालपर्यंत बरोबरीनं राबलेली माणसं तुझं ऐकतील?” रिग्मोरनं विचारलं.

“ऐकतात की! पात्यावरचं झाकण उघडलं की यंत्र आपोआप थांबतं. ते थांबू नये म्हणून एका दीडशहाण्यानं तिथल्या बटणाला चिकटपट्टी लावली होती. मी लाइन बंद केली, त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ‘पट्टी तूच काढ.’ मग कळलं, झाकण सैल झाल्यानं यंत्र सारखं बंद पडत होतं. फिटरनं ते नीट केल्यावरच लाइन सुरू झाली.”

“कोण होता तो?”

“झाल्या प्रकाराची नोंद मी केली, नावाची नाही. नावं फोडत बसले तर उद्या बिघाड मला सांगेल कोण?”

टोर्किल्डचे कान लाल झाले. “मीच तो दीडशहाणा,” तो म्हणाला. “वर ‘मोठी साहेबीण झालीस’ असं हिलाच ऐकवलं आणि आठवडाभर अबोला धरला. मग एकदा घरी पाव कापताना हातांकडे लक्ष गेलं. दहाच्या दहा बोटं जागेवर होती.”