कमानीवरचं स्वागत

मी पेंटर. धानोऱ्यात माझं दुकान आहे, आणि स्वागत लिहिणं हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. अब्बा लिहायचे, मग मी लिहायला लागलो. दुकानाच्या पाट्या, हॉटेलची दारं, लग्नाच्या कमानी, जिथं जिथं माणसाला आत बोलवायचं तिथं तिथं आमचा हात फिरलेला. आता फ्लेक्स आलं. फ्लेक्सवर मालकाचा चेहरा हातभर आणि 'सुस्वागतम्' बोटभर. मला ते पाहून इतका संताप येतो की काय सांगू! अरे बाबा, गिऱ्हाईक तुझ्या मिशा पाहायला येऊन राह्यला का?

काचेच्या दारावर लिहिणं मात्र अजून माझ्याकडंच येतं. बाहेरून लिहिलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातानं महिन्याभरात पुसून जातं. म्हणून काचेच्या आतल्या बाजूनं लिहावं लागतं, तेही उलटं. 'या, बसा' हे उजवीकडून डावीकडं. शिवाय रंगांचा क्रमही उलटा. भिंतीवर आधी अक्षर, मग त्याची किनार. काचेवर आधी किनार, मग तिच्या पाठीवर अक्षराचा रंग. चूक झाली तर ती आतून दिसतच नाही, बाहेर जाऊन पाहावी लागते. मी दर चार अक्षरांनी बाहेर जातो, आणि हॉटेलमालक दर वेळी विचारतो, "झालं का जी?" माझं डोकं तिथंच फिरतं.

लिहिलं तसं कोण वागतं हा प्रश्न मी कधी स्वतःला पडू दिला नव्हता. एका लॉजच्या दारावर मी 'आपलेच घर समजा' असं मोठ्या हौसेनं लिहिलं. मालक म्हणाला, खाली थोडं अजून लिहायचं आहे. मग खाली बारा ओळी: मोठ्यानं बोलू नये, भिंतीला टेकू नये, पाहुण्यांचे पाहुणे आणू नयेत. मी म्हटलं, "भाऊ, असं घर असल तं माणूस जंगलात झोपल." तो हसला, पण बाराही ओळी लिहूनच घेतल्या. एका कापडाच्या दुकानावर 'या, पाहा, घेतलेच पाहिजे असे नाही' लिहिलं होतं, आणि न घेता निघालेल्या बाईकडं तिथला मालक कसा पाहायचा ते मी शिडीवरून पाहिलं आहे. मी म्हणायचो, आपलं काम अक्षर सरळ येण्याचं. पुढचं ज्याचं तो जाणे.

लग्नाच्या कमानीचं गणित वेगळं. बांबूचा सांगाडा, त्यावर चुण्या घातलेलं कापड, आणि वर मधोमध मखमलीची पट्टी. अक्षरं त्या पट्टीवर लागतात. पूर्वी थर्माकोलची असायची. त्यावर बंदी आली तेव्हापासून मी जाड पुठ्ठा कापतो आणि वर सोनेरी कागद चिकटवतो. अक्षरं बिनडोक्याची कापायची, टाचण्यांनी ओळीत लावायची आणि शेवटी सगळ्यांच्या डोक्यावरून एकच लांब पट्टी ओढायची. ती शिरोरेघ एकसंध असली की लांबूनही कमान वाचता येते. नवरा-नवरीची नावं दर लग्नाला नवी. खालची ओळ मात्र ठरलेली, 'वरपक्षाचे हार्दिक स्वागत'. लग्न नवरीकडं, येणार नवऱ्याकडचे, मग दुसरं काय लिहिणार? ती ओळ मी एकदाच कापून पोत्यात ठेवलेली होती. लग्न झालं की टाचण्या काढायच्या आणि पोत्यात परत टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात जंगलाकडच्या एका गावातला गोंड माणूस दुकानात आला. त्याच्या पोराचं लग्न होतं. त्यांच्याकडं मांडव जांभळाच्या डहाळ्यांचा असतो, कमान-बिमान काही नसते. पण पोराला हौस. बापानं दोन नावं लिहिलेला कागद पुढं केला आणि म्हणाला, "पेंटरभाऊ, आमच्यात कसं आहे, पोरीकडचे लोकं..."

"येऊ द्या जी," मी म्हटलं. "सगळ्यायचं स्वागत आहे. मले नका शिकवू. दोनशे कमानी उभ्या केल्या मी."

तो बिचारा कागद ठेवून निघून गेला. माझी ही खोड जुनी. समोरच्याचं वाक्य मी मध्येच तोडतो आणि मग आयुष्यभर त्याचा उरलेला अर्धा भाग शोधत बसतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी शिडी, पोतं आणि मखमल घेऊन त्या गावात पोचलो आणि मागच्या वाटेनं अंगणात शिरलो. नवऱ्याच्या बापानं चहा दिला. त्याचा स्वतःचा चहा हातातच निवत होता. मी विचारलं, काळजी कशाची?

"मोठ्या मायची," तो म्हणाला. नवरीला तिच्या मोठ्या मायनं, म्हणजे मोठ्या काकूनं, लहानाचं मोठं केलं होतं. एटापल्लीकडच्या आतल्या गावची बाई. या लग्नाला ती दोन वर्षं नाही म्हणत होती. तिचं म्हणणं, तुम्ही रोडवरचे, शहरी वळणाचे झालात, तुम्हाला आता आमची ओळख राहिली नाही. "दोन वर्षांनं हो म्हटलं तिनं. ती आनंदानं आत आली म्हणजे जिंकलो. ती नाई आली तं नवरी नाई येत. आणि नवरी नाई आली तं..." एवढं बोलून त्यानं चहा ओतून दिला.

मी ऐकलं, आणि ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. शिडीवर चढलो, पोत्यातली ठरलेली ओळ काढून टाचण्या टोचल्या, शिरोरेघ ओढली. खाली सगळे पाणी भरण्यात, पत्रावळी मांडण्यात गुंतलेले. ज्यांनी वर पाहिलं त्यांनी 'छान झालं' म्हटलं. शहराकडं असंच लिहितात असं त्यांना वाटलं असणार.

दुपारी ट्रॅक्टर आला. लोहखाणीच्या ट्रकांमागं अडकून उशीर झालेला, माणसं लाल धुळीनं माखलेली. ढोल सुरू झाले. सगळ्यात पुढं मोठी माय. कमानीसमोर ती थांबली आणि शेजारच्या तरुणाला म्हणाली, "वाच बरं, काय लिहिलं?"

त्यानं मोठ्यानं वाचलं. वरपक्षाचे हार्दिक स्वागत.

या अल्ला! तेव्हा कुठं मला ते तोडलेलं वाक्य पूर्ण ऐकू आलं. 'आमच्यात कसं आहे, पोरीकडचे लोकं पोराच्या घरी येतात, लग्न तिथंच लागतं.' नवऱ्याची माणसं तर आतच होती. घरच्यांनी घरच्यांचंच स्वागत लावलं होतं, आणि पन्नास कोस धूळ खात आलेल्यांचं नावही नव्हतं.

मोठी माय रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ज्यायचं लिहिलं त्यायले घ्या आत. आमी इथी बसतो." आणि ती कमानीबाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. तिच्यामागून तिची सगळी माणसं बसली, नवरीसुद्धा. ढोल थांबले.

नवऱ्याचा बाप धावत बाहेर आला. त्यानं पाटी पाहिली, मला पाहिलं. मला वाटलं, आता हा मला सगळ्यांसमोर सोलणार. पण तो मोठ्या मायसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "चूक माही आहे, बाई. मी नीट सांगतलं नाई."

मला इतकी लाज वाटली की पायाखालची माती पोकळ झाली. ज्या माणसाला मी बोलू दिलं नाही, तो माझी चूक आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला होता! मी तसाच पुढं गेलो. "खोटं बोलून राह्यला हा. यानं सांगतलं होतं, मीच ऐकलं नाई. शहाणपणा केला. पाच मिनिटं द्या बाई, पुठ्ठा आहे माझ्याकडं, 'वधू' कापून लावतो आत्ता."

मोठ्या मायनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू लिहिलं?"

"हो."

"लिहिता येते तुले. बोलता येते का?"

मी पुठ्ठा काढायला पोत्यात हात घातला.

"राहू दे तुहा पुठ्ठा," ती म्हणाली. "मले वाचता नाई येत. मले काय तुहा 'वर' अन् काय तुहा 'वधू'. तिथी उभा राह्य अन् तोंडानं म्हण. एकेकाले."

मग मी कमानीखाली उभा राहिलो. माझ्या बाजूला नवऱ्याचा बाप, पाण्याची घागर आणि लोटा घेऊन. त्यांच्याकडं पाहुण्याच्या पायावर पाणी घालून जोहार करतात आणि मगच आत नेतात. तो पाणी घालायचा, मी हात जोडून म्हणायचो, "जोहार, या जी." पहिल्या दोघांना म्हणताना माझा आवाज अगदी बारीक निघाला. ट्रॅक्टरमधली एक बाई ओरडली, "जोरानं म्हण गा, पेंटर! तुहे अक्षर एवढे मोठे, अन् आवाज चिलटाचा?" सगळे हसले. मीही हसलो. मग जमायला लागलं.

शिडीवरून मी इतकी वर्षं माणसांची टाळकी पाहिली होती. आता तोंडं दिसत होती. एका म्हाताऱ्याच्या पायात काटा होता, तो आधी काढला मग जोहार केला. एक लेकुरवाळी म्हणाली, माझ्या पोरीलाही वेगळा जोहार म्हण. तिलाही म्हटलं. ढोलवाले आपणहून सुरू झाले. नवरी आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहून तोंडावर पदर धरला, हसू लपवायला. नवऱ्याच्या बापाचा चेहरा उजळला होता.

सगळ्यात शेवटी मोठी माय उठली. तिच्या पायावर पाणी पडलं. मी म्हटलं, "जोहार बाई, या." ती कमानीखालून आत गेली आणि बापाचा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटलो. पण ती दोन पावलांवर वळली.

"तू कुठून आत आला सकाळी?"

"मागून. सामान घेऊन."

"तुह्या पायावर कोणं पाणी घातलं?"

"कोणी नाई, बाई. मी पेंटर. कमान लावतो अन् जातो."

"आजवर किती लावल्या?"

"दोनशेच्या वर."

तिनं नवऱ्याच्या बापाच्या हातातला लोटा घेतला. "आता मी आतली झाली," ती म्हणाली. "तू बाहेर जा, अन् समोरून ये."

मी बाहेर गेलो आणि समोरून आलो. रंगाचे डाग पडलेल्या माझ्या पायांवर तिनं पाणी घातलं. दोन्ही पायांवर, घाई न करता. पाणी थंडगार होतं. "जोहार, पेंटरभाऊ," ती म्हणाली, "या."

उलट जोहार करायचा होता. तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. डोळे भरून आले आणि मी माकडासारखा नुसता उभा.

"जाऊ दे," मोठी माय हसत म्हणाली, "तू आपला लिहूनच दे."